मोठी कीड लागलेली दाढ: फिलिंग, इनले की कॅप? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान एकाच प्रकारच्या दाढेबद्दल आहे. माणूस मोठा, दाढ मागची, कीड मोठी किंवा जुनं फिलिंग मोठं, पण नस अजून जिवंत. रूट कॅनाल झालेल्या दाढेचा हिशेब वेगळा असतो, तो मध्ये एका प्रश्नात आला आहे. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा इथे धरलेल्या नाहीत.

डॉक्टर, खड्डा मोठा आहे. सिमेंट भरून भागेल, की कॅपच घालावी लागेल?

खड्डा किती मोठा आहे यापेक्षा भोवती काय उरलंय, यावर ते ठरतं. दाढेला वरून चार-पाच टोकं असतात आणि चावताना सगळा भार त्यांच्यावर येतो. ही टोकं एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून दाढेला दोन कडा असतात, एक पुढच्या दाताला टेकणारी आणि एक मागच्या. कीड फक्त मध्ये असेल आणि या दोन्ही कडा शाबूत असतील, तर खड्डा खोल असूनही दाढ बऱ्यापैकी मजबूत राहते. कडा गेल्या की गालाकडची आणि जिभेकडची भिंत सुट्या पडतात आणि प्रत्येक घासाला किंचित फाकू लागतात.

याचं मोजमाप १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी प्रयोगशाळेत केलं होतं. काढलेल्या उपदाढांमध्ये नुसता मधला खड्डा केला तर दाताचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी घटला. पुढची-मागची अशा दोन्ही कडा कापल्यावर तो ६३ टक्क्यांनी घटला. रूट कॅनालसाठी पाडलेल्या भोकाने मात्र फक्त ५ टक्के फरक पडला. म्हणजे दात कमजोर होतो तो मुख्यतः कडा गेल्यामुळे.

दुसरी गोष्ट भिंतीची जाडी. कीड काढून झाल्यावर प्रत्येक टोकाच्या बुडाशी ती मोजायची असते, त्यासाठी छोटं कॅलिपर मिळतं. नस जिवंत असलेल्या दाढेत साधारण २ मिलिमीटर जाडी उरली असेल तर ती भिंत ठेवता येते. ज्या टोकांवर चावण्याचा मुख्य भार येतो, म्हणजे खालच्या दाढेत गालाकडची आणि वरच्या दाढेत टाळूकडची, तिथे मी ३ मिलिमीटरच्या जवळ जाडी बघतो. त्याहून पातळ भिंत उघडी ठेवली तर ती आज ना उद्या तुटते.

ही जाडी एक्स-रेवर दिसत नाही, कारण एक्स-रेत गालाकडची आणि जिभेकडची भिंत एकावर एक येतात. म्हणून एखादा डॉक्टर "उघडून कीड काढतो, मग नक्की सांगतो" म्हणाला, तर तो टाळाटाळ करतोय असं समजू नका. खरं उत्तर तेव्हाच कळतं.

इनले म्हणजे काय? ऑनले वेगळं असतं का?

फिलिंग तोंडातच भरतात आणि निळ्या लाईटनं कडक करतात. इनले बाहेर, लॅबमध्ये बनतं. दाढेचं माप घेऊन त्या खड्ड्यात नेमका बसेल असा सिरॅमिकचा, कंपोझिटचा किंवा धातूचा एकसंध तुकडा तयार करतात आणि तो चिकटवतात. इनले टोकांच्या आतच बसतं. ऑनले एक किंवा जास्त टोकांवरून पलीकडे जाऊन त्यांना झाकतं. कॅप सगळ्या टोकांवरून खाली हिरडीपर्यंत चारी बाजूंनी येते.

या पानावरचा माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. लोक "फिलिंग, इनले की कॅप" असं विचारतात, पण मोठ्या खड्ड्यासाठी त्यातला इनले बहुतेक वेळा चुकीचा मधला पर्याय असतो. दोन्ही कडा गेलेल्या, पातळ भिंतींच्या दाढेत टोकांच्या मधोमध कडक तुकडा बसवला, की चावताना तो लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखा भिंतींना बाहेर ढकलतो. धातूच्या, नुसत्या सिमेंटने बसवलेल्या इनलेत हा त्रास जास्त. चिकटवलेल्या सिरॅमिकमध्ये तो कमी होतो, पण पातळ भिंत पातळच राहते. खड्डा मध्यम असेल आणि भिंती जाड असतील तर इनले छान बसतं, पण तेवढ्या खड्ड्यात नीट भरलेलं कंपोझिटही चालतं आणि पैसे कमी लागतात.

मोठ्या खड्ड्यात खरा मधला पर्याय ऑनले आहे. तो रुग्णाला सांगितलाच जात नाही असं अनेकदा दिसतं. नाव माहीत नसेल तर तुम्ही स्वतः विचारा: "डॉक्टर, पूर्ण कॅप न घालता फक्त कमजोर टोकं झाकता येतील का?"

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एक ताई आल्या. खालची उजवी पहिली दाढ. तिच्यात खूप वर्षांपूर्वी भरलेली चांदी. तक्रार अशी की कडक भाकरीचा तुकडा चावून दात सोडताना एकदम चमक येते. गार पाण्याने दोन सेकंद कळ येते आणि जाते. रात्री दुखत नाही, आपणहून ठणका लागत नाही.

चावून सोडताना येणारी चमक म्हणजे भेगेचा संशय. म्हणून आधी प्लॅस्टिकची छोटी दांडी एकेका टोकावर ठेवून चावायला सांगायचं. समजा, जिभेकडच्या मागच्या टोकावर दांडी असताना, सोडल्यावरच दुखलं. गार लावून बघितलं तर नस प्रतिसाद देते आणि कळ लगेच थांबते. ठोकून दुखत नाही. एक्स-रेत चांदीच्या मागच्या कडेखाली कीड दिसते, पण मुळाच्या टोकाशी काळेपणा नाही. म्हणजे नस चिडलेली असली तरी वाचण्यासारखी आहे.

आता दाढ बधिर करून चांदी काढली, कीड काढली. पुढची आणि मागची, दोन्ही कडा गेलेल्या. गालाकडच्या भिंती ३ मिलिमीटरपेक्षा जाड, धडधाकट. जिभेकडची पुढची भिंत जेमतेम २, मागची १.३, आणि तिच्या बुडाशी आडवी भेगेची रेघ. खड्ड्याची मागची कड हिरडीच्या वर आहे आणि तिथे एनॅमल शिल्लक आहे.

सरळ फिलिंग केलं तर मागची भिंत वाकतच राहील आणि एक दिवस तुटेल. खालच्या दाढेत जिभेकडची भिंत तुटणं तसंही नेहमीचं आहे, आणि ती हिरडीच्या खाली तुटली तर पुढचं सगळं काम अवघड होतं. इनलेबद्दल वर सांगितलंच. कॅप घालायची तर गालाकडच्या चांगल्या भिंतीही चारी बाजूंनी तासाव्या लागतील. ज्या भिंतींचा काही दोष नाही त्या कापणं मला पटत नाही.

म्हणून ऑनले. पण लगेच नाही. भेग असल्यामुळे मी आधी जिभेकडची दोन्ही टोकं साधारण दीड मिलिमीटरने उतरवून त्यांच्यावरून तात्पुरतं कंपोझिट घेईन आणि दोन-तीन आठवडे थांबेन. चमक गेली तर निदान बरोबर ठरलं, मग माप घ्यायचं. चमक तशीच राहिली किंवा रात्रीचा ठणका सुरू झाला तर आधी रूट कॅनाल. भेगाळलेल्या दाढांपैकी काहींना पुढे रूट कॅनाल लागतंच, हे ताईंना काम सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवं.

याच दाढेत दोन गोष्टी वेगळ्या असत्या तर उत्तर बदललं असतं. खड्ड्याची मागची कड हिरडीच्या बरीच खाली असती, तर तिथे रक्त आणि ओल आवरून चिकटवण्याचा भरवसा कमी झाला असता. किंवा ताईंना झोपेत दात खायची सवय असती आणि टोकं झिजून सपाट झालेली असती, तर मीही कॅपकडे वळलो असतो.

फिलिंग कधी पुरेसं असतं?

निदान एक कड शाबूत असेल, उरलेल्या भिंती वर सांगितलेल्या जाडीच्या असतील आणि भेग नसेल, तर. अशा दाढेला कॅप सुचवली गेली तर "कोणती भिंत कमजोर आहे, मला दाखवा" असं जरूर म्हणा. आरसा किंवा मोबाईलवरचा फोटो पुरतो.

मात्र मोठं फिलिंग मन लावून करावं लागतं, आणि मला याची कळकळ आहे, कारण फिलिंग टिकलं नाही की दोष सिमेंटला दिला जातो. कंपोझिट कडक होताना आकसतं, घनफळात साधारण २ ते ३ टक्के. मोठा गोळा एकदम भरला तर ते भिंतीपासून सुटतं किंवा भिंतीला आत ओढतं. म्हणून सुमारे २ मिलिमीटरचे थर भरतात आणि प्रत्येक थर लाईटने कडक करतात. जाड थरासाठीचं वेगळं कंपोझिट असतं, त्याचीही मर्यादा साधारण ४ मिलिमीटर. चिकटवताना लाळ लागली तर सगळं वाया. त्यासाठी दाढेवर रबर डॅम ताणून बसवतात. तो नसेल तर निदान कापूस आणि सक्शन नीट हवं.

तिसरी गोष्ट शेजारच्या दाताशी टेकण. पातळ पत्रा आणि पाचर लावून ती नीट घडवली नाही, तर जेवताना दर वेळी तिथे भाजीचा धागा, शेंगदाण्याचा कण अडकतो, हिरडी सुजते आणि कडेखाली पुन्हा कीड लागते. खुर्चीतून उठण्यापूर्वी फ्लॉस घालून बघायला सांगा. फ्लॉस टक् असा आवाज करून आत गेला पाहिजे आणि न फाटता बाहेर आला पाहिजे.

एकदाच कॅप घालून मोकळं व्हावं, असं का करू नये?

कॅपसाठी दाढ वरून आणि चारी बाजूंनी तासावी लागते. मोजून पाहिलं तेव्हा पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागातला साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग जातो असं दिसलं. इनले-ऑनलेला याच्या निम्म्याहून कमी जातो. तासलेलं एनॅमल परत येत नाही. शिवाय आधीच मोठी कीड सोसलेल्या नसेवर तासण्याचा आणखी एक घाव बसतो, आणि अशा काही दाढांची नस पुढे काही वर्षांनी गुपचूप मरते.

बिघाड कसा होतो तेही बघावं लागतं. फिलिंगची कड उडाली तर तेवढीच दुरुस्त करता येते. ऑनले निसटलं आणि तुटलेलं नसेल तर पुन्हा चिकटवता येतं. कॅपखाली कीड लागली तर ती झाकलेली राहते, आणि नस मेलेली असेल तर दुखतही नाही. कॅप हलू लागल्यावर काढून बघावं, तर आत काळं मऊ बुंध्याखेरीज काही उरलेलं नसतं. चाळिशीतल्या माणसाला ती दाढ अजून तीस वर्षं वापरायची आहे. कॅप ही पुढची पायरी हाताशी ठेवता आली तर ठेवावी, असं माझं मत आहे.

मग कॅप कधी लागतेच?

तीन-चार टोकं गेली असतील तेव्हा. भेगा एकाहून जास्त दिशांना असतील तेव्हा. दात खाण्याची जोरदार सवय असेल तेव्हा. कड हिरडीखाली गेल्यामुळे चिकटवण्यावर भरवसा नसेल तेव्हा. कॅपलाही एक अट असते: तिच्या काठाच्या आत निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीचा खरा दात चहूबाजूंनी हवा. तो नसेल तर आतल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवलेली कॅप ठोकळ्यासकट निघते. अशा वेळी हिरडी थोडी उतरवून दात मोकळा करावा लागतो, नाहीतर दाढ काढण्याचं मोकळेपणाने बोलावं लागतं.

सुपारी किंवा मावा खाणाऱ्यांच्या दाढा झिजलेल्या आणि भेगाळलेल्या असतात. त्यांच्या सर्वात मागच्या दाढेला, जिथे दिसण्याचा प्रश्न नसतो, धातूची कॅप मला अजूनही आवडते. ती पातळ चालते, म्हणून दात कमी तासावा लागतो. झिर्कोनियाही चालतं.

रूट कॅनाल करावंच लागेल का? आणि ते झालं तर?

कीड खोल आहे एवढ्यावरून रूट कॅनाल ठरत नाही. गारने आलेली कळ अर्धा मिनिट उलटला तरी थांबत नसेल, गरम चहाने दुखत असेल, रात्री आपणहून ठणकत असेल, तर नस बहुधा वाचणार नाही. ही लक्षणं नसतील तर कडेकडेची कीड पूर्ण काढून, नसेच्या अगदी वर असलेला चिवट थर मुद्दाम थोडा ठेवून वर घट्ट बंद करतात. तो थर खरवडत बसून नस उघडी पाडण्यापेक्षा हे बरं. वरून गळती नसेल तर त्या थरातली कीड थांबते.

रूट कॅनाल झालेल्या दाढेची टोकं मात्र झाकावी. मधलं भोक सोडून दोन्ही कडा शाबूत असतील तर अपवाद, पण असं क्वचितच असतं. ॲक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न घातलेले दात कॅप घातलेल्यांपेक्षा सहापट वेगाने गेले होते. "दुखायचं थांबलं, कॅप दिवाळीनंतर बघू" म्हणून थांबलेल्यांची दाढ उभी चिरून येते, तेव्हा ती काढण्यावाचून इलाज नसतो.

आत्ता ऑनलेचे किंवा कॅपचे पैसे नाहीत. काय करू?

हे संकोच न करता आधीच सांगा, कारण त्यावर उपाय आहे. कमजोर टोकं उतरवून त्यांच्यावरून कंपोझिटच घेता येतं, तोंडातच, एका भेटीत. त्याला साध्या फिलिंगपेक्षा थोडे जास्त पैसे लागतात, पण लॅबचा खर्च वाचतो. ते सिरॅमिकपेक्षा लवकर झिजतं, मात्र भिंत तुटण्यापासून राखतं आणि नीट केलं तर काही वर्षं सहज देतं. पातळ भिंती तशाच उघड्या ठेवून मध्ये नुसतं सिमेंट भरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

किती वेळा यावं लागतं? मधल्या काळात काय जपायचं?

फिलिंग एका भेटीत होतं. ऑनले आणि कॅपला बहुधा दोन. पहिल्या भेटीत कीड काढणं, आकार देणं, माप किंवा स्कॅन, आणि वर तात्पुरतं झाकण. लॅबचं काम यायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या भेटीत तुकडा बसवून बघतात, रबर डॅम लावून चिकटवतात आणि चावणं तपासतात.

मधल्या काळात त्या बाजूने चिकट काही खाऊ नका. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिळाच्या वडीने आणि चिक्कीने तात्पुरतं सिमेंट ओढून काढलेले लोक दरवर्षी येतात. ते निघालं तर "दुखत नाही ना" म्हणून थांबू नका. शेजारचे दात काही दिवसांत किंचित सरकतात आणि मग बनून आलेलं ऑनले बसत नाही.

काम झाल्यावर कडक भाकरी खाता येईल का?

हो. चिकटवलेलं काम पक्कं झाल्यावर भाकरी, शेंगाचटणी, हुरडा सगळं चालतं. सुपारी आणि दाताने फोडायचे जिन्नस मात्र नकोत. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. मिश्रीच्या घासण्याने हिरडी खाली सरकते, मुळाचा मऊ भाग उघडा पडतो आणि नव्या कामाच्या काठाला कीड लागायला जागा मिळते.

काम झाल्यावर दाढ दुखते आहे. कधी थांबायचं, कधी यायचं?

गारची शिवशिव एक-दोन आठवडे राहू शकते, पण ती रोज थोडी कमी होत गेली पाहिजे. चावताना तीच दाढ आधी टेकते असं वाटलं तर वाट बघू नका. फिलिंग किंवा कॅप उंच राहिली आहे, आणि रंगीत कागदावर चावून तेवढी जागा घासली की पाच मिनिटांत काम होतं. बधिरपणा असताना हे नीट कळत नाही, म्हणून घरी गेल्यावर जाणवतं.

कळ वाढत गेली, गरमने दुखू लागलं किंवा झोपमोड झाली तर नस हरते आहे, लगेच या. दुखत नसतानाही तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: आधी अडकत नव्हतं तिथे अन्न अडकू लागणं, फ्लॉस एकाच जागी फाटणं, आणि त्या दाढेपाशी वास किंवा खारट चव येणं. पहिल्या दोन्हींत टेकण किंवा काठ बिघडलेला असतो आणि लवकर दाखवलं तर बहुधा तेवढाच भाग दुरुस्त होतो. तिसरीत कॅप किंवा ऑनले आतून सुटलेलं असू शकतं. बोटाने दाबल्यावर काठातून लाळेचा बुडबुडा आला तर ते सुटलंच आहे. निघून हातात आलं तर तुकडा फेकू नका, घरच्या गोंदाने चिकटवू नका, छोट्या डबीत घालून सोबत आणा.